बापाच्या फोटोतली रिकामी खुर्ची

फोटोत दोन माणसं आहेत आणि एक खुर्ची. उजवीकडे दगडावर पाय ठेवून कप्तान साहेब. एक पाऊल मागे, ताठ, मनुबाईचा बाप गुंडा. दोघांच्या मधे रिकामी खुर्ची. फोटो काढणाऱ्याने मनात काय धरलं होतं कोण जाणे, पण सगळ्यात जास्त उजेड तिच्यावरच पडला आहे. मागे कुठलातरी परका डोंगर. साल चव्वेचाळीस.

गुंडा पलटणीत साहेबाचा हरकाम्या होता. तळ हलला की खुर्चीची गुंडाळी पाठीवर टाकायची, नवा तळ पडला की ती जोडून मांडायची. लढाई संपून गावी आल्यावर लोक त्याला विचारायचे, "गुंडा, कवातरी बसलास का रं तिच्यावर?" तो म्हणायचा, "न्हाई." मेला तेव्हा त्याच्या ट्रंकेत तीन वस्तू निघाल्या. डिस्चार्ज बुक, पितळी बकलाचा कमरपट्टा आणि हा फोटो. मनुबाईने फोटोला काच बसवून तो बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला.

ती तेव्हा कोयनेच्या धरणावर होती. डोक्यावर पाटी, पाटीत खडी, दिवसाला इतक्या खेपा. नवरा तिथल्याच बोगद्यातून खोकला घेऊन आला आणि दोन वर्षांत गेला. मनुबाई गावी परतली, लोकांच्या उसात राबली, दोन पोरींची लग्नं केली. साक्षरतेच्या वर्गात सही शिकली. चौऱ्याहत्तर साली राखीव जागेवर ती ग्रामपंचायतीची सदस्य झाली, तेव्हा तिचं वय बेचाळीस होतं आणि तिच्या मानेला पाटीचा बाक कायमचा पडला होता.

गाव कोरेगावच्या पुढे, रेल्वेच्या फाटकापासून दोन मैल. पंचायतीची एकच खोली. खाली शहाबादी फरशी, तिच्याखालची माती उंदरांनी पोखरलेली, त्यामुळे प्रत्येक फरशी आपापल्या दिशेने कललेली. सरपंच हंबीररावांच्या खुर्चीचा एक पाय कायम अधांतरी राहायचा, म्हणून सभेआधी शिपाई त्याखाली रिकामी आगपेटी सरकवायचा. सदस्य नऊ होते. ग्रामसेवकाची सोडून खुर्च्या आठ होत्या.

पहिल्या सभेला हंबीररावांनी दाराजवळच्या सतरंजीकडे बोट दाखवलं. "बस तितं मनुबाय. खुर्च्यांची टंचाई हाय."

मनुबाई बसली नाही. पूर्ण सभा दाराशी उभी राहिली. शेवटी हजेरीबुक तिच्यापर्यंत आलं तेव्हा तिने ते परत सारलं. "उभ्यानं सही करणार न्हाई आन भुईवर बसूनबी करणार न्हाई. टेबलाला खुर्ची मिळंल तवा करीन."

"मग गैरहजर लागंल," हंबीरराव म्हणाले.

"लागू द्या."

दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात तेच. ती यायची, उभी राहायची, सही न करता जायची. त्या काळात बौद्धवस्तीच्या वाटेवरचा दिव्याचा खांब दुसरीकडे गेला, आणि कागदावर त्याला कुणाचाही विरोध नव्हता. पाचव्या महिन्यात ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तिला व्हरांड्यात गाठलं. हा नोकरीवरचा माणूस, कुणाशी वाकडं नको असलेला.

"मनुबाई, सहा महिने लागोपाठ गैरहजेरी लागली की सदस्यत्व जातं. कायदा आहे. पुढची सभा शेवटची. बसा ना एकदा सतरंजीवर."

"तुमी बसाल का, भाऊसाहेब?"

आतून हंबीररावांनी हे ऐकलं होतं. ते दारात आले. मागे दोन-तीन सदस्य हसायच्या तयारीत.

"खुर्चीचा लय नाद हाय बघा हिला. हिचा बा सायबाची खुर्ची पाठीवर वाहायचा. मनुबाय, तीच आण की. फोटो हाय म्हनं तुज्याकडं. त्या फोटुतली खुर्ची आण, म्या सोता टेबलाला जागा करून देतो."

सगळे हसले. मनुबाई थांबली.

"फोटोतली आणली तर जागा देणार?"

"दिली."

"ह्या समद्यांदेखत बोललाय, सरपंच."

गावात सगळे त्यांना आबा म्हणायचे. सरपंच म्हणणारी ती एकटीच.

"मर्दाचा शब्द हाय," हंबीरराव म्हणाले. "पर फोटोबी आण. ताडून बघणार आमी."

घरी येऊन तिने फोटो भिंतीवरून काढला. तोवर त्याच्याकडे ती बाप म्हणून बघत होती. त्या दिवशी पहिल्यांदा खुर्ची म्हणून बघितलं.

आधी ती साताऱ्याला गेली. तिथे जुन्या सामानाचा एक व्यापारी होता. महाबळेश्वरचे बंगले मोडीत निघाले की त्यांचं सामान त्याच्याकडे यायचं. त्याने फोटो घेतला, लांब धरला, परत दिला आणि तिला मागच्या खोलीत नेलं. वेताची, लांबलचक हातांची आरामखुर्ची होती ती. हात इतके लांब की त्यांवर पाय पसरून झोपावं.

"हीच ती. अस्सल विलायती. साडेतीनशे."

मनुबाईने फोटो त्या खुर्चीशेजारी धरला. "हिला लाकडाचे हात हायती. फोटोतल्या खुर्चीला हातच न्हाईत, नुसते पट्टे हायती. ही वेताची, ती कापडाची."

"साहेबाची खुर्ची म्हणजे साहेबाची खुर्ची. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला येवढंच कळतंय की ही ती न्हाई."

ती बाहेर पडली. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा वेत विणत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "सांगलीला जा. मारुती चौकाच्या मागं आकाराम मिस्त्री हाय. खडकीच्या लष्करी डेपोत सुतार व्हता. खुर्ची बघून तिच्या बापाचं नाव सांगतो."

आकाराम मिस्त्री साठीचा, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा. दुकान म्हणजे एक लांबट बोळ. वर छताला खुर्च्या उलट्या टांगलेल्या, त्यांचे पाय वटवाघळांसारखे. त्याने फोटो हातात घेतला, शेजारच्या घड्याळजीकडे गेला आणि डोळ्याला लावायची काच घेऊन आला. मग उंबऱ्यावर उजेडात बसून बराच वेळ बघत राहिला.

"साताऱ्यात काय सांगितलं?"

"विलायती म्हनाला."

"त्यो विकायला बसलाय." आकारामने करवतीच्या पात्याचं टोक फोटोवर धरलं. "ह्ये बघा, बाई. चारी पाय कातलेले, गोल. चारी एकाच उंचीचे. मागचे दोन लांब असते तर त्यावरच पाठ आली असती. हितं पाठ वेगळी हाय, मागच्या दोन पायांच्या मधे आसावर फिरती. माणूस रेलंल तशी कलंल. हात म्हंजे पट्टे, पायांच्या डोक्यावर अडकवलेले. आन खिळा, बिजागरी कुटंच न्हाई. ही मोडून गुंडाळायची खुर्ची. रूरकीची."

"रूरकी म्हंजे दुकान?"

"गाव हाय, उत्तरेला. तितल्या इंजिनेर पलटणीनं हा नमुना काढला. अफसर लोकांनी तळावर न्यायला. मग जो तो करायला लागला. विलायतेच्या बड्या दुकानांनी केल्या, आपल्याकडच्या ठेकेदारांनी केल्या. नमुना एक, करणारे शंभर."

"मग ही कुणाची?"

आकारामने काच पुन्हा डोळ्याला लावली. "विलायती दुकानातली असती तर पितळेचं काम जास्ती असतं, दुकानाच्या नावाची पाटी असती, पट्टे कातड्याचे असते. हे पट्टे कापडी हायती, शिवण दिसती बघा. लढाईत कातडं बुटाला आन खोगिराला जायचं. पाय कातलाय त्यो घाईनं, एकाचं कडं वर, एकाचं खाली. शेकड्यानं काम निघालं की असं हुतं. बहुतेक इकडच्याच कुण्या ठेकेदाराचं काम. नाव सांगू शकत न्हाई. पायाच्या आतल्या अंगाला सरकारी शिक्का असंल, पर फोटोत आतलं अंग दिसत न्हाई."

"म्हंजे आपल्यासारख्याच कुणीतरी केलेली."

"बहुतेक म्हनलो मी."

"तेवढं बास हाय."

मनुबाईने विचारलं, मिळेल कुठे. आकारामने बोटं मोजली. बंगल्यातून निघालेली मिळेल, पण ती साताऱ्याच्याच भावाने. पुण्यात लष्कराच्या मोडीचा लिलाव होतो, त्यात निघेल किंवा वर्षभर निघणार नाही. तिसरी वाट म्हणजे करून घेणं. "ह्या खुर्चीत लाकूड थोडं, कसब थोडं. लाटणी करणारा कातारी पाय कातील. सागाचे तुकडे माज्याकडं पडलेत. तंबूचं जुनं कापड बाजारात मिळतं, आन पट्टे आमच्या गल्लीतला चांभार करून देतो. समदं धरून पन्नासाच्या आत."

"पर ती फोटोतलीच दिसाया पायजे. ताडून बघणार हायती."

"मापं कशी काढू? फोटोत पट्टी ठेवलीया का कुणी?"

मनुबाईने पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं. पलटणीने तिच्या बापाची सगळी मोजणी केली होती. छाती, डाव्या गालावरचा व्रण, उंची. आकारामने वाचलं. पाच फूट पाच. मग पट्टीने फोटोतला गुंडा मोजला. टाचेपासून डोक्यापर्यंत सव्वातीन इंच.

"पासष्टाला सव्वातीन. एकास वीस." त्याचा आवाज पहिल्यांदा सैल झाला. "खुर्चीचा पाय भरतोय एक इंच आन वर दहावा हिस्सा. बावीस इंच. तुमचा बा एक पाऊल मागं उभा हाय, म्हनून खुर्ची थोडी मोठी दिसती. साडेएकवीस धरू."

असं झालं. तीस वर्षांपूर्वी ज्याला त्या खुर्चीवर बसू दिलं नाही, त्याच्याच उंचीने ती मोजली गेली.

आठ दिवसांनी मनुबाई खुर्ची न्यायला गेली. आकारामने ती बोळाच्या मध्यभागी मांडून ठेवली होती. फोटोतली खुर्ची उठून बाहेर आल्यासारखी. सगळे सांधे सरसाने चिकटवलेले, वर बांबूच्या खुंट्या मारलेल्या.

"गदागदा हलवा," तो म्हणाला. "सुताराचा सांधा हलला की सुतार मेला."

सांधा हलला नाही. गाडीत मात्र तिला जागा होईना. डब्यातल्या लोकांनी शिव्या दिल्या. कोरेगावपासून तिने ती डोक्यावर नेली. चार पाय आभाळाकडे, मान पाटीच्या जुन्या बाकावर आलेली. घरी अंगणात ठेवली, बसायला गेली आणि खुर्ची टक्कन वाजली. एक पाय अधांतरी. फिरवून ठेवली, दुसरा पाय अधांतरी. तिच्या डोळ्यांसमोर ती फरशी आली, ती आगपेटी आली. पाय वाजला की नऊ जणांच्या त्या खोलीत काय हसू होईल ते तिला आत्ताच ऐकू आलं.

सभेला पाच दिवस होते.

तिने फोटो पुन्हा खाली काढला आणि या वेळी खुर्चीचे पाय सोडून पायांखालची जमीन बघितली. डोंगराचा उतार होता. एका पायाखाली चपटा दगड, दुसऱ्याखाली गवताचा उंचवटा. तरीही चारी पाय टेकलेले. नीट बघितलं तर पाय एकमेकांना समांतरही नव्हते. एक थोडा आत, एक थोडा बाहेर, ज्याने त्याने आपापली जमीन शोधलेली. मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, जी तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती पण या खुर्चीशी तिने कधी जोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची घेऊन सांगलीत. आकारामच्या पुढ्यात ठेवली.

"मिस्त्री, माजा बा ही गुंडाळी करून पाठीवर न्यायचा. ही गुंडाळा."

आकारामने एक पाय ओढून बघितला. तो निघाला नाही.

"तुमीच म्हनला मोडायची खुर्ची. मग चिकटवली कशापायी?"

"सैल सांधा द्यायचा? लोक काय म्हनतील? आकारामनं लबाडी केली म्हनतील."

"फोटो बघा. उतारावर हाय. चारी पाय टेकल्यात. चिकटवलेली टेकंल का?"

तो काच आणायलाही उठला नाही. नुसत्या डोळ्याने बघितलं, मग चष्मा काढून पुसला.

"खडकीला अशाच गुंडाळ्या यायच्या," तो म्हणाला. "सुटे पाय, पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या सुट्या. मला तवा वाटायचं सरस वाळून निखळल्यात; मोडायच्या असत्यात ह्ये मागनं ऐकलं. दोन डझन मी पक्क्या करून टाकल्या. गोऱ्या सायबानं बघितलं आन मला तासभर शिव्या घातल्या. विंग्रजीत व्हत्या, कळल्या न्हाईत. मी समजलो, काम आवडलं न्हाई." तो हसला, पण ओठांच्या आतच. "तीस वर्सांनी तुमी अर्थ सांगितला."

त्याने खुंट्या गिरमिटाने पोखरून काढल्या. सांध्यांवर उकळत्या पाण्याच्या चिंध्या गुंडाळल्या. सरस विरघळला, पट्ट्या सुटल्या. मग त्याने पट्ट्यांची टोकं गाजरासारखी निमुळती केली आणि पायातली भोकंही तशीच आत निमुळती कोरली. सरस नाही, खुंटी नाही. बैठकीच्या कापडाखाली ताणून धरायला एक पट्टा हवा होता. मनुबाईने पिशवीतून बापाचा कमरपट्टा काढून दिला. बकल चढवलं तेव्हा सगळा सांगाडा आवळला गेला, पण थोडा हलताच राहिला.

"आता बसा," तो म्हणाला, आणि खुर्ची मुद्दाम अर्धी उंबऱ्यावर, अर्धी गटाराच्या फरशीवर ठेवली.

मनुबाई बसली. खुर्ची कुरकुरली, वाकली, आणि स्थिर झाली. वजन आलं तसे सांधे घट्ट झाले.

"मिस्त्री, पैसे?"

"ठरल्यातले अर्धे. अर्ध्याची शिकवणी झाली माजी."

"पुरे घ्या," मनुबाई म्हणाली. "सूट घेऊन बसले तर त्यो सरपंच तीच उकरून काढंल."

त्याने पुरे घेतले.

सभेच्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या खांद्यावर कापडाची एक गुंडाळी होती, हातात काचेचा फोटो. आठ जण बसले होते. शिपायाने आगपेटी सरकवली होती. हंबीररावांनी गुंडाळीकडे बघितलं. "खुर्ची आणलीस का सरपण आणलंस?"

कुणीतरी हसलं. मनुबाईने गुंडाळी फरशीवर उलगडली. चार पाय, चार पट्ट्या, पाठ, कापड, पट्टे. एकेक टोक एकेका भोकात गेलं. घाई नव्हती. खोलीतले सगळे तिचे हात बघत होते. बऱ्याच वर्षांत त्यांनी तिच्या हातांकडे मजुरी ठरवताना सोडून बघितलं नव्हतं. शेवटी तिने खाली हात घालून बकल चढवलं आणि फोटो टेबलावर ठेवला.

"ताडा."

हंबीररावांनी भाऊसाहेबांकडे फोटो सारला. भाऊसाहेबांनी फोटो बघितला, खुर्ची बघितली, पुन्हा फोटो बघितला. "पाय कातलेले. पट्टे आहेत. पाठ फिरती आहे." ते आवाज शक्य तितका सपाट ठेवत होते. "सारखी आहे, आबा."

"ही नवी हाय," हंबीरराव म्हणाले. "त्या फोटुतली न्हवं. लाकडाचा वास येतोय अजून."

"ह्या खुर्चीचा नमुना पलटणीचा, करणारे शंभर," मनुबाई म्हणाली. "ती बी अशीच कुणीतरी केली व्हती. माप माज्या बाच्या उंचीवरनं काढलंय, डिस्चार्ज बुकातनं. आन खालचा पट्टा त्याचाच हाय, वाकून बघा."

हंबीरराव वाकले नाहीत. वाकणं म्हणजे सगळ्यांदेखत वाकणं होतं. त्यांनी पाय हलवला, आणि त्यांच्या खुर्चीखालची आगपेटी निसटली. खुर्ची टक्कन वाजली.

"पायाखालची फरशी वर-खाली हाय," ते म्हणाले, जरा घाईने. "तुजी बी वाजंल बघ."

मनुबाईने खुर्ची टेबलाच्या कडेला, सगळ्यात वाईट फरशीवर ठेवली. बसली. खुर्ची कुरकुरली आणि चारी पाय टेकले. टक्कन आवाज आला नाही. तिने हात पट्ट्यांवर ठेवले.

"सरपंच, शब्द दिला व्हता."

हंबीररावांनी समोरचे कागद इकडचे तिकडे केले. शेवटी कोपराने शेजारच्या सदस्याला ढोसलं. "सरक गड्या जरा. जागा कर तिला."

हजेरीबुक तिच्यापुढे आलं. तिने सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, प्रत्येक अक्षर वेगळं, मोठं. पूर्ण नाव, त्यात बापाचंही. भाऊसाहेबांनी पुढचा विषय वाचायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "आधी मागचा. दिव्याचा खांब. विरोध लिवा."

"तो मंजूर झालाय, बाई."

"मी गैरहजर व्हते तवा झाला. आज हजर हाय. लिवा."

भाऊसाहेबांनी सरपंचांकडे बघितलं. सरपंच खिडकीबाहेर बघत होते. लेखणी थोडी थांबली, मग चालली. खांब परत आला असं नाही. तो अजून दुसरीकडेच आहे, आणि त्यासाठी पुढे आणखी चार सभा झाल्या. पण त्या दिवशीच्या कागदावर त्याला विरोध आहे.

सभा संपल्यावर हंबीरराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. दर महिन्याला कुटं वाहून नेतीस? पंचायतीची म्हनून ऱ्हाईल."

मनुबाईने बकल सोडलं. खुर्ची आपोआप सैल झाली, एकेक पाय हातात आला.

"पंचायतीच्या आठ हायती," ती म्हणाली. "ही माजी."

तिने गुंडाळी बांधली आणि खांद्यावर टाकली. बापासारखी पाठीवर नाही. दारात सतरंजी तशीच पसरलेली होती. ती ओलांडून मनुबाई उन्हात उतरली.